लहान किराणा दुकानाला ब्रँड लागतो का? भाच्याशी वाद चालू आहे, सल्ला द्या

किराणा_मामा
दुकान लहान, गिऱ्हाईक ठरलेलं. सुटं कडधान्य निवडून पाकिटात भरावं आणि त्यावर दुकानाच्या नावाचं लेबल लावून विकावं असं डोक्यात आहे. भाचा हिशेब बघतो, त्याला हे अजिबात पटत नाही. त्यालाही इथंच लिही म्हटलंय, समोरासमोर बसलो की आवाज चढतो दोघांचा. ज्यांनी स्वतःचं पाकीट काढलंय त्यांनी सांगा, करावं का आणि किती मालापासून सुरू करावं.

शंकेखोर_भाचा
मामा, लोक तुझ्याकडे येतात कारण दुकान जवळ आहे आणि तू उधारीचं खातं ठेवतोस. नावाला कोण विचारतंय? हिशेब बघ. १०० किलोच्या पोत्याची खरेदी १०० धर, सुटं विकून ११२ येतात. पाकिटाला निवडताना २ किलो खडे-कचरा-तुकडा जाणार, पाकीट-लेबल-मजुरीचे ४ धर. खर्च झाला १०४ आणि विकायला राहिला ९८ किलो माल. तेच १२ सुटायला भाव पावणेसहा टक्के चढा लावावा लागेल. लेबल बघून एवढे जास्त कोण देणार?

रंगारी
लोगोत दोनच रंग ठेवा, छपाई स्वस्त पडते. आणि अक्षरं ठळक, लांबून दिसली पाहिजेत.

शंकेखोर_भाचा
लोगोचं कोणी विचारलंच नाहीये भाऊ.

तराजूवाला
भाच्याचं गणित बरोबर आहे पण अर्धंच आहे. सुटं विकतानाही माल जातोच की, झुकतं माप म्हणून किलोमागे १० ग्रॅम जास्त गेले तरी पोत्यामागे १ किलो फुकट. ते धरलं तर फरक कमी होतो. पण सगळा फायदा पाकिटाच्या बाजूला टाकू नका, कारण भरून ठेवलेलं धान्य सुकतं, वजन उतरतं, म्हणून पाकिटात चार-पाच ग्रॅम वर टाकावेच लागतात, नाहीतर तपासणीत वजन कमी भरलं की दंड दुकानाच्याच नावावर. एकूण भाव पाचएक टक्के चढा लागेल असं धरा.

आता मूळ प्रश्न. ब्रँड म्हणजे पाटी नव्हे. पाटी तर कित्येक दुकानांवर कंपनीच लावून देते, तिचं नाव हातभर आणि दुकानाचं खाली कोपऱ्यात, म्हणजे भिंत आपली आणि जाहिरात त्यांची. दुकानाला नाव आहे की नाही हे बघायचा एक सोपा उपाय आहे. गिऱ्हाइकाने मागितलेली कंपनी संपलेली असेल तेव्हा तुम्ही "हे घ्या, चांगलं आहे" म्हणून दुसरं पुढे करता, तेव्हा ते घेतलं की तो निघून गेला एवढंच वहीत लिहायचं, महिनाभर. बहुतेक जण घेत असतील तर भरवसा तुमच्यावर आहे आणि त्यावर लेबल उभं राहील. निघून जात असतील तर ते गिऱ्हाईक कंपनीचं आहे, पाकीट काढून काही होणार नाही.

शंकेखोर_भाचा
पण उधारीवाला तर काहीही घेईल, त्याला पर्याय कुठाय?

तराजूवाला
बरोबर. म्हणून रोखवाले वेगळे मोजा.

डबेवाली_ताई
मी घरून पिठं भरून देते, माझ्याकडचं सांगते. सुट्या मालात किडा निघाला तर लोक म्हणतात यंदा मालच तसा आलाय, पाकिटात निघाला की म्हणतात यांचं पाकीट खराब. नाव लावलं की हे आलंच. आणि किड्याच्या अळ्या कधीकधी दाण्याच्या आतच असतात, निवडून दिसत नाहीत, पाकीट कितीही घट्ट बंद करा, उबेत काही आठवड्यांनी किडे होऊन बाहेर येतातच. तळाशी पीठ साचलेलं किंवा दाण्याला बारीक गोल भोक दिसलं की समजायचं. म्हणून थोडं थोडं भरायचं, भरल्याची तारीख आणि पोत्याचा नंबर लिहायचा, आणि प्रत्येक पोत्यातलं मूठभर बरणीत बाजूला ठेवायचं. तक्रार आली की आधी बरणी बघायची, मग त्या नंबरची उरलेली सगळी पाकिटं काढून घ्यायची.

किराणा_मामा
ताई, हे कामाचं सांगितलंत. मग सगळं कडधान्य नको, जे आठवड्यात संपतं ते एकच भरतो. सुटंही शेजारीच ठेवतो, ज्याला जे हवं ते घेईल.

शंकेखोर_भाचा
शेजारी ठेवलंस तर लोक भाव बघून सुटंच उचलणार. तेव्हा तरी कळेल, नावाला किती पैसे मिळतात ते.

किराणा_मामा
कळू दे की. पण रोखवाल्यांची वही तू लिही, मी लिहिली तर म्हणशील मामाने आपल्या बाजूने लिहिली.

शंकेखोर_भाचा
लिहितो. फक्त पाकिटं हजारांनी छापून आणू नकोस, साधी पाकिटं घे आणि लेबल चिकटव.

रंगारी
लेबलला पण दोनच रंग.