‘प्री’ आणि ‘पोस्ट’ नेमके कोणत्या फेडरचे?

मेघना_प
ऑक्ससंदर्भात ‘पोस्ट-फेडर’ म्हणतात, तेव्हा कोणता फेडर धरायचा?

आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये मी नाट्यगीतांचे कार्यक्रम सांभाळते. मिक्सर छोटा ॲनालॉग आहे. त्यावर माइकच्या सहाच जागा, दोन ऑक्स आणि दोन ग्रुप. ऑक्स १ प्री, त्यातून गायिकेसमोरचा मॉनिटर. ऑक्स २ पोस्ट, त्यातून बाहेरच्या एको मशीनला. पेटी, तबला, डग्गा आणि लाइनवरचा तानपुरा ग्रुप १ मध्ये. गायिका आणि साथीचा गायक ग्रुप २ मध्ये. निवेदिका कुठल्याच ग्रुपला नाही, थेट मेनला. निवेदन सुरू झालं की मी दोन्ही ग्रुप खाली ओढते.

परवा ग्रुप २ पूर्ण खाली होता, तरी गायिका तबलजींशी बोलली ते हॉलभर घुमत ऐकू आलं. शब्द लांबून आल्यासारखे, पण कळत होते. एको पोस्ट आहे, फेडर खाली आहे, मग एको बंद का नाही झाला?

प्रथमेश
ऑक्स म्हणजे मोबाइल लावायची ती वायर ना? ती अर्धवट बसली असली की आवाज असाच पोकळ येतो, गायकाचा जणू हॉलच्या बाहेरून. जॅक नीट दाबून बघा.

दादा साउंडवाले
प्रथमेश, ती ऑक्स बाहेरून आवाज आत आणणारी. मेघनाताई म्हणतायत ती मिक्सरमधून आवाजाचा वेगळा फाटा बाहेर काढणारी. बोलताना दोन्हीला ऑक्सच म्हणतात, म्हणून घोळ होतो.

ताई, ‘पोस्ट’ म्हणजे त्या चॅनलच्या फेडरनंतर. तेवढंच. ग्रुपच्या फेडरशी त्याचा काही संबंध नाही. गायिकेचा आवाज तिच्या चॅनल फेडरमधून बाहेर पडला की तिथूनच दोन वाटा फुटतात: एक ग्रुप २ कडे, दुसरी ऑक्स २ मधून एको मशीनकडे. तुम्ही पहिली वाट बंद केलीत. दुसरी चालूच राहिली आणि मशीनचा आवाज थेट मेनला येत होता. मूळ आवाज गेला, नुसता एको उरला. म्हणून शब्द लांबून आल्यासारखे वाटले.

अनिकेत_द
असं व्हायला नको. मी डिजिटल मिक्सर चालवतो. त्यात गायकांचा डीसीए खाली घेतला की एकोही आपोआप जातो. ग्रुप म्हणजे तेच ना? ताईंचं ऑक्स २ चं बटण चुकून प्रीवर गेलं असेल.

दादा साउंडवाले
डीसीएबद्दल बरोबर. डीसीए प्रत्येक चॅनलची पातळीच खाली नेतो, फेडरवर अदृश्य हात ठेवल्यासारखा. त्यामुळे पोस्ट सेंडही खाली जातो. ॲनालॉग ग्रुप वेगळा. तो चॅनलमधून निघालेले आवाज एकत्र करतो आणि त्या बेरजेला एक फेडर देतो. मागे चॅनलमध्ये काय चाललंय, यावर त्याचा ताबा नसतो.

ताई, बटणाचा संशय असेल तर साधी परीक्षा आहे. ग्रुप खाली ठेवा, कुणाला तरी बोलायला लावा आणि गायिकेचा चॅनल फेडर खाली ओढा. एको विरला तर ऑक्स पोस्टच आहे. घुमतच राहिला तर प्री.

मेघना_प
आत्ताच हॉलवर करून पाहिलं. चॅनल खाली ओढल्यावर विरला. म्हणजे पोस्टच. मग आता प्रत्येक निवेदनाला दोन्ही गायकांचे चॅनल ओढायचे का? पुन्हा वर नेताना जागा चुकते, ग्रुप त्यासाठीच वापरायला लागले होते.

दादा साउंडवाले
नको. एको मशीनचा आवाज परत येतो तोही ग्रुप २ मध्येच आणा. तुमच्याकडे एखादी स्टिरिओ लाइन जोडी रिकामी असेल, तिथे मशीनची आउटपुट लावा. त्या चॅनलचं मेनचं बटण काढा, १-२ चं दाबा आणि चकती पूर्ण उजवीकडे फिरवा. छोट्या मिक्सरवर १-२ ला एकच बटण असतं; डावीकडे ग्रुप १ आणि उजवीकडे ग्रुप २ हे चकतीच ठरवते. गायकांचे चॅनल तुम्ही असेच नेले असणार. आता ग्रुप २ ओढला की गळा आणि एको दोन्ही एकत्र जातील.

दोन गोष्टी मात्र पाळा. एको परत येतो त्या चॅनलवरचा ऑक्स २ पूर्ण बंद ठेवा, नाहीतर एको पुन्हा मशीनमध्ये जाऊन गोल फिरतो आणि हॉल कोकलायला लागतो. आणि पेटी-तबल्याला ऑक्स २ देऊ नका, कारण त्यांचा एकोही गायकांच्या ग्रुपमध्ये येऊन बसेल.

सुहासिनी
माझंही असंच काहीसं. शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीताचे चार माइक एका ग्रुपला होते. शिट्टी सुरू झाली म्हणून ग्रुप पूर्ण खाली केला, तरी शिट्टी थांबेना. हाही एकोच का?

दादा साउंडवाले
नाही, तो बहुधा मॉनिटर. मुलांसमोर स्पीकर होता ना? माइक, ऑक्स १, मॉनिटर आणि परत माइक, असा तो फेरा. ऑक्स १ प्री असेल तर या फेऱ्यात चॅनलचा फेडरही येत नाही आणि ग्रुपचाही. ओळखायचं असं: क्षणभर मेन खाली घ्या. शिट्टी तशीच राहिली तर दोष मॉनिटरचा. मग ऑक्स १ चा मास्टर थोडा कमी करायचा. गेनला हात लावू नका. त्याने मॉनिटर, हॉल आणि एको सगळंच एकदम हलतं.

सुहासिनी
होता स्पीकर, अगदी पुढच्या रांगेतल्या मुलांच्या पायाशी. आणखी एक. ग्रुप खाली केला तेव्हा हॉलमधला आवाज कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

दादा साउंडवाले
मग चॅनलची दोन्ही बटणं दाबलेली असणार, ग्रुपचंही आणि मेनचंही. तोच आवाज दोन वाटांनी मेनला पोचतो. दोन्ही वाटा सारख्या असतील तर पातळी ६ डेसिबल वाढते आणि ग्रुप ओढला तरी थेट वाट उरतेच. ग्रुपला दिलेल्या चॅनलचं मेन बटण वर हवं.

अनिकेत_द
ग्रुपचं समजलं, माझीच गल्लत होती. पण एक खटकतंय. ताईंचा ग्रुप १ डाव्या आणि ग्रुप २ उजव्या स्पीकरला जात नाही का? आमच्या जुन्या ॲनालॉगवर ग्रुप मेनला जोडायचं एकच बटण होतं. त्यामुळे डावीकडच्यांना फक्त वाद्यं आणि उजवीकडच्यांना फक्त गळा ऐकू यायचा.

मेघना_प
आमच्याकडे प्रत्येक ग्रुपला डावं आणि उजवं अशी वेगळी बटणं आहेत, दोन्ही दाबलेली असतात.

दादा साउंडवाले
एकच बटण असेल आणि मोनो आउट असेल, तर दोन्ही स्पीकर तिथून चालवायचे. मोनो आउट नसेल तर एवढ्या मिक्सरवर अशी विभागणी नीट जमत नाही.

मेघना_प
एको ग्रुपमध्ये आणायचं जमेल, लाइनची एक जोडी रिकामी आहे. पण तबलजी कधीपासून स्वतःचा मॉनिटर मागतायत, त्यात फक्त गळा आणि पेटी. ऑक्स दोनच. एको सोडून ऑक्स २ त्यांना द्यावा का?

दादा साउंडवाले
दोनशे खुर्च्यांच्या हॉलला स्वतःचाच घुमारा असतो. मी एको सोडीन. फक्त तुमचा ऑक्स २ प्रीवर जातो का ते बघा. पोस्टच राहिला, तर तुम्ही गळ्याचा फेडर हलवलात की तबलजींच्या मॉनिटरमधला गळाही हलेल.

सुहासिनी
नाट्यगीताला एको नसला तर गळा कोरडा पडतो, विशेषतः हॉल भरलेला असताना. माणसं आवाज शोषून घेतात. मी तबलजींना गायिकेचाच मॉनिटर थोडा वळवून दिला असता.