एकाकी प्यादं दिसलं की मारामारी करत सुटायचं?

मूळ पोस्ट, रोखठोक: समोरच्याचं डी४ प्यादं एकटं पडलं, शेजारच्या पट्ट्यांवर त्याच्या साथीला प्यादं उरलं नाही, की विचार कसला करता? हाताला लागेल तो मोहरा मारा, बदल्यात आपलाही जाऊ द्या. पट रिकामा झाला की ते प्यादं आपोआप पडतं.

काळीघरं: नवीन पोरं असले सल्ले जसेच्या तसे उचलतात, म्हणून सविस्तर लिहितोय. मारायचं कोणाला, हाच तर खरा प्रश्न आहे. १९८१ च्या मेरानोतल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला नववा डाव लावून बघा. पांढरा कोर्चनॉय, काळा कार्पोव्ह. अकराव्या चालीला कार्पोव्हनं घोडा एच५ वर नेला, तो काळ्या घरांवरच्या उंटांची जोडी पटावरून घालवायला. मग एकेक घोडा गेला, पांढऱ्या घरांवरचा त्याचा स्वतःचा उंटही गेला. सत्ताविसाव्या चालीला डी५ वर घोडा-उंटांची शेवटची मारामारी झाली आणि दोघांकडे वजीर नि दोन-दोन हत्ती उरले.

इथून पुढे कार्पोव्हनं वजिरांची मारामारी होऊ दिली नाही. हत्ती डी५ वर, मागे डी७ वर वजीर, त्याच्या मागे डी८ वर दुसरा हत्ती. आता ई५ ही धमकी झाली, कारण डी४ च्या प्याद्यानं ते मारलं तर डी१ वरचा हत्ती उघडा पडतो. ती रोखायला कोर्चनॉयला एफ४ खेळावं लागलं आणि त्याच्या राजासमोरची फळी मोडली. पस्तिसाव्या चालीला ई५ आलंच. डाव संपला तो राजावर, प्याद्यावर नाही. वजीर मारले असते तर पांढरा राजा एफ१, ई२ करत डी३ ला येऊन प्याद्याची राखण करत बसला असता.

रोखठोक: एकच डाव सगळे उगाळतात. १९८४ चा कार्पोव्ह–कास्पारोव्ह नववा डाव विसरलात? एकाकी प्यादं काळ्याचं, डी५ वर. वजीर गेले, हत्ती गेले, तरी कार्पोव्ह जिंकला. माझं म्हणणं तेच होतं.

काळीघरं: त्या डावात शेवटी उरलं काय ते बघा. पांढऱ्याकडे घोडा, काळ्याकडे स्वतःच्याच प्याद्यांच्या रंगाच्या घरांवर अडकलेला उंट. तिथे घोडे मारून उंटासमोर उंट ठेवला असता, तर जिंकायला काय राहिलं असतं?

सायंकाळचा_डाव: आणि कास्पारोव्हनं शेहेचाळिसाव्या चालीला एच४ वर मारलं नसतं, तर तोही डाव कार्पोव्हला जिंकता आला नसता. कार्पोव्हनं परत न मारता घोडा जी२ वर नेला, प्यादं दिलं आणि राजाला आत शिरायला वाट काढली. बाजू बंद ठेवली असती तर राजा येणार कुठून?

रोखठोक: चूक झाली म्हणता, पण चूक होईपर्यंत कुढत बसावं लागलं कोणाला? डी५ सांभाळणाऱ्यालाच ना? दबाव असतो म्हणूनच चुका होतात!

सायंकाळचा_डाव: दबाव मान्य. पण दबाव म्हणजे विजय नव्हे. एकच दुखणं असेल तर बचाव तग धरतो, दुसरीकडे वाट उघडावीच लागते.

नवशिका_नाही: माझं ऐका. मी काळ्याकडून खेळत होतो, समोर डी४ एकटं. डी५ वरच्या माझ्या घोड्यानं सी३ चा घोडा मारला, मारामारी केलीच की. तरी एच७ वर वजीर-उंट येऊन मी मेलो. म्हणजे अशा स्थितीत मारूच नये ना?

काळीघरं: सी३ वर परत कशानं मारलं? बी२ च्या प्याद्यानंच ना? मग डी४ ला सी३ चा आधार मिळाला, एकटं राहिलंच कुठे? वर डी५ वरचा तुमचा घोडाही पटावरून गेला. म्हणून आधी बघायचं, की या मारामारीनंतर डी५ वर कोण उरतं. डी४-डी५ ढकलता येत असेल, तर पांढऱ्याचे झोपलेले उंट एका चालीत जागे होतात.

रोखठोक: बरं, सी३ वर मारू नका, हे घेतलं. पण पोरांना इतक्या अटी शिकवल्या तर ती घड्याळातच हरतील. आमच्या शिकवणीत तीन महिने नुसत्या ओपनिंगच्या चाली घोकवल्या, मधल्या डावाबद्दल चकार शब्द नाही.

काळीघरं: त्या तक्रारीत तुमच्या बाजूनं आहे. म्हणूनच "मिळेल ते मारा" हे शिकवू नका. हलके मोहरे, म्हणजे घोडे-उंट, कमी करा, वजीर ठेवा, एवढं पोरांना पेलतं.

नवशिका_नाही: आणि एकटं प्यादं माझंच असेल तर? हत्तींची एक जोडी मारली तर हलकं वाटतं.

सायंकाळचा_डाव: मी मारतो. डी पट्टीवरचा मारा निम्मा होतो.

काळीघरं: मी नाही मारत. ई पट्टीवरचा हत्ती हाच माझा हल्ला. घोडा ई५ वर पोहोचला असेल तर मुळीच नाही.