मॉन्टब्लाँ पेन असली की नकली? संध्याकाळी पैसे द्यायचेत, लवकर सांगा

शाईखुळा: पुण्यातले एक गृहस्थ जुनं मॉन्टब्लाँ विकतायत, १८ हजार मागतायत. फोटो टाकलेत. निबवर ४८१० आहे, खोक्यात पुस्तिकाही आहे. घेऊ का?

रेवा_क: मॉडेल कोणतं? शाई कशी भरते? फोटोत टोपण लावलेलंच दिसतंय.

कोथरूडकर: क्लिपच्या कड्यावर नंबर नसेल तर सरळ नकली. माझ्या पेनावर आहे.

निबवाले काका: कोथरूडकर, असं सरसकट नका म्हणू. हे नंबर १९९० च्या दशकात आले, त्याआधीच्या अस्सल पेनांवर नसतात. आणि नकलीवर नंबर कोरायला काय लागतं?

शाईखुळा: ते १४६ म्हणतायत. नंबर आहे. आत कन्व्हर्टर आहे.

निबवाले काका: हे आधी सांगायचं ना! १४६ मध्ये पिस्टन असतो, शेपटाची घुंडी फिरवून शाई ओढायची. कन्व्हर्टर १४५ मध्ये असतो. म्हणजे एकतर त्यांना मॉडेल माहीत नाही, नाहीतर पेन बनावट. निबचा जवळून फोटो टाका.

आबा७२: आमच्या वडिलांचं पार्कर ५१ होतं, त्याचं निब झाकलेलंच. कोरीव काम वाचायची भानगडच नाही. त्यात शाई गोठलीय, कशी काढू?

शाईखुळा: टाकला. १८ के, खाली ५८५.

निबवाले काका: मग थांबा. ५८५ म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, ते १४ कॅरेट. १८ कॅरेटला ७५० हवं. एकाच निबवर हे दोन आकडे एकत्र येऊच शकत नाहीत. ४८१० ही माँ ब्लाँ शिखराची मीटरमधली उंची, ती नकलीवरही असतेच. शिवाय टोपणाच्या पट्टीवर 'मायस्टरश्ट्युक'मधल्या यूवर दोन ठिपके दिसत नाहीत.

रेवा_क: ठिपके फोटोच्या चकाकीत बुडू शकतात, काका. पट्टी किंचित फिरवून पुन्हा फोटो मागवा.

निबवाले काका: मान्य, ठिपक्यांवर मी हट्ट धरत नाही. निबवर मात्र धरतो.

कोथरूडकर: पण खोकं तर अस्सल दिसतंय.

रेवा_क: रिकामी खोकी वेगळी विकली जातात. पुस्तिकेवर दुकानाचा शिक्का आणि तारीख असली, तरी ती याच पेनाची कशावरून?

शाईखुळा: विचारलं. म्हणतात, निब बदललं असेल, मला भेट मिळालंय.

निबवाले काका: निब बदललं तरी १४६ मध्ये कन्व्हर्टर कसा आला, ते विचारा. पैसे देऊ नका. हातात घेऊन निबला चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद आहे. नाही चिकटलं तरी सोनं असं सिद्ध होत नाही, काही पोलादं चिकटत नाहीत.

आबा७२: माझ्या शाईचं कोणी सांगेल का?

रेवा_क: आबा, कोमट पाण्यात रात्रभर. गरम नको.