जर्मनीत एमएस झालं, आता नोकरीऐवजी स्वतःचं काम करायचंय. परवाना कोणता लागेल?

सांगलीकर_श्टुटगार्ट
नमस्कार मंडळी. श्टुटगार्टमध्ये पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस केलं. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्यातले ११ महिने उरलेत. एका छोट्या अभियांत्रिकी कार्यालयाने जुन्या इमारतींच्या ऊर्जा-हिशोबाचं काम देऊ केलंय. ताशी ४५ युरो, महिन्याला साधारण ८० तास, पण नोकरी म्हणून नाही, मी बिल द्यायचं. दुसरं म्हणजे आईच्या कृतीचा कांदा-लसूण मसाला. गेल्या गणपतीत मराठी मंडळात २०० ग्रॅमची चाळीस पाकिटं तासाभरात संपली, तेव्हापासून तो ऑनलाइन विकायचं मनात आहे. ही दोन्ही कामं आत्ताच्या परवान्यावर चालतील का? आणि ११ महिन्यांनंतर काय?

मंदार_बर्लिन
काही अवघड नाही. फ्रीलान्स व्हिसा घे. दोन ग्राहकांकडून 'काम देऊ' अशी पत्रं, तीन-चार महिन्यांच्या उत्पन्नाचा अंदाज आणि आरोग्य विमा एवढ्यावर माझ्या खोलीमित्राचं काम झालं. मसालाही त्यातच बसव.

ऑस्टिनहून_अमेय
अमेरिकेत मला हाच प्रश्न पडला होता. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या ओपीटी या काम-परवान्यावर स्वतःचा व्यवसाय चालतो, पण काम शिकलेल्या विषयाचं हवं आणि आठवड्याला किमान २० तास हवेत. मी ते केलं. नंतर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी स्टेमची दोन वर्षांची मुदतवाढ घ्यायला गेलो तर तिथे खरा मालक लागतो, प्रशिक्षण आराखड्यावर त्याची सही लागते. स्वतःच स्वतःचा मालक होता येत नाही. शेवटी नोकरी धरली. जर्मनीचं माहीत नाही, पण पहिला परवाना मोकळा आणि पुढचा आवळलेला, हे तिथेही असेल तर आत्ताच बघून ठेव.

राइनकाठी
अगं, आधी कार्डासोबत मिळालेला हिरवा कागद काढ. त्यावर 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट गेश्टाटेट' छापलेलं असेल तर नोकरी आणि स्वतःचं काम दोन्हीला मुभा. 'बेशेफ्टिगुंग' म्हणजे फक्त नोकरी. मराठीत आपण दोन्हीला 'काम'च म्हणतो, म्हणून लोक इथे फसतात. पदवीनंतरच्या १८ महिन्यांच्या परवान्यावर सहसा पहिली ओळ असते. तुझ्याकडे तीच असेल तर आज दोन्ही कामं सुरू करता येतील. हा परवाना १८ महिन्यांपुढे वाढत मात्र नाही.

मंदार म्हणतोय ते अर्धं बरोबर आहे. त्याच्या मित्राला मिळालेला परवाना निवास कायद्याच्या कलम २१ मधल्या उपकलम ५ चा, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकांचा. अभियंता त्यात बसतो, मसाल्याचा व्यापारी बसत नाही. तुझ्यासाठी त्याच कलमातलं २अ जास्त सोयीचं आहे. जर्मन विद्यापीठाची पदवी असली की व्यवसायाची आर्थिक गरज किंवा स्थानिक मागणी सिद्ध करावी लागत नाही. मुख्य अट ही, की कामाचा तुझ्या शिक्षणाशी संबंध हवा. ऊर्जा-हिशोबाचा तो सरळ आहे. मसाल्याचा कसा दाखवणार? म्हणून ११ महिन्यांनी अर्ज करशील तेव्हा मसाला अडचणीत येईल. त्यासाठी नेहमीचे उद्योगाचे निकष लागतात, चाळीस पाकिटांवर ते पेलणं कठीण.

आता नोंदणी. अभियांत्रिकी कामासाठी थेट कर कार्यालयाचा फॉर्म, एल्स्टर या त्यांच्या संकेतस्थळावरून. काम सुरू केल्यापासून महिन्याभरात भर, करक्रमांक आला की बिलं दे. मसाल्यासाठी आधी व्यवसाय नोंदणी कार्यालयात जावं लागतं. दोन्हींचे हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव, नाहीतर कर कार्यालय सगळंच व्यापार धरण्याचा धोका असतो.

आणि ते ४५ युरो हातात किती पडतील बघ. महिन्याला ३६०० आले, प्रवास-सॉफ्टवेअरचे ३०० गेले, उरले ३३००. विद्यार्थी विमा संपलेला असतो आणि स्वतःचं काम करणाऱ्याला मालकाचा वाटा मिळत नाही. त्यामुळे सरकारी विमा नफ्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे साडेसहाशेच्या पुढे जातो. कर धरून बावीसशेच्या आसपास उरतील. श्टुटगार्टच्या भाड्यात हे चालेल, पण पेन्शनचं यात काहीच नाही. कामाचा एखादा महिना रिकामा गेला तरी किमान विमा भरावाच लागतो, अडीचशेच्या वर.

छोट्या व्यावसायिकांना इथल्या जीएसटीसारख्या करातून मिळणारी सूट घेऊ नकोस. पहिल्या वर्षी उलाढालीची मर्यादा २५ हजार आहे आणि ३६०० प्रमाणे सातव्या महिन्यात ती ओलांडशील. पहिल्या बिलापासून १९ टक्के लाव. ग्राहक कंपनी आहे, तिला ते परत मिळतात.

पुण्याचा_बाबा
माझा मुलगा आखेनला शिकतोय. तो पुण्याच्या एका ओळखीच्यांसाठी घरबसल्या वेबसाइट करतो, पैसे इथल्या खात्यात येतात. भारतातलं काम असल्यामुळे हे चालतं, बरोबर ना?

राइनकाठी
काका, नाही. काम कोणाचं आणि पैसे कुठे येतात याला महत्त्व नाही, तो बसतो कुठे याला आहे. विद्यार्थी परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. स्वतःच्या कामाला वेगळी परवानगी काढावी लागते. तोवर त्याला ते थांबवायला सांगा आणि परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करायला लावा. पुढे पदवीनंतरचा परवाना मागताना जुने खाते-उतारे पाहिले जाऊ शकतात.

सांगलीकर_श्टुटगार्ट
ताई, कागद काढून पाहिला, 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट गेश्टाटेट' आहे. खूप बरं वाटलं. एक शंका आहे. त्या कार्यालयाची अट आहे की त्यांच्याच लॅपटॉपवर, सकाळी नऊ ते एक, त्यांच्याच जागेत बसायचं. शिवाय अजून एकच ग्राहक आहे.

राइनकाठी
मग हे नावालाच स्वतंत्र काम आहे. वेळ ते ठरवतात, साधन त्यांचं, जागा त्यांची, ग्राहक एकटा. पेन्शन विमा संस्था तपासायला आली तर त्याला नोकरीच ठरवेल आणि मागची वर्गणी त्यांच्याकडून वसूल करेल. आत्ताच्या परवान्यावर तुला नोकरीही चालते, त्यामुळे आज तुझं फार बिघडत नाही. पण कलम २१ चा पुढचा परवाना स्वतंत्र कामासाठीच आहे. तिथे हा एकच करार ठेवलास तर अर्ज कशाच्या जोरावर टिकेल? करार इमारतीगणिक कर, एका घराचा अहवाल इतक्या रकमेला. लॅपटॉप स्वतःचा घे. परवाना संपायच्या आत दुसरा ग्राहक शोध, छोटा चालेल.

अर्ज तीन महिने आधी टाक. मुदत संपायच्या आत पोचला की निर्णय होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात, त्याचा दाखला मागून घे. एक दिवस उशीर झाला तर हे संरक्षण उरत नाही.

मंदार_बर्लिन
मसाल्याबद्दल माझं चुकलंच. पण पत्रं दोनच लागतात यावर मी ठाम आहे. बर्लिनमध्ये तेवढ्यात झालंय.

राइनकाठी
बर्लिनचं मी खोडत नाही. 'देऊ शकतात' असा कायदा आहे, 'द्यावाच' असा नाही, म्हणून गावोगावी फरक पडतो. माझ्या गावी सहा महिन्यांचे खाते-उतारे आणि झालेली बिलं मागितली होती.

सांगलीकर_श्टुटगार्ट
आज त्यांच्याशी बोलले. इमारतीमागे पैसे द्यायला तयार आहेत, एका दुमजली घराला ६०० म्हणतायत. मला पहिल्या घराला सतरा तास लागले होते, म्हणजे ताशी पस्तीसच पडतात. चौथ्या घरापर्यंत बारा तासांत येईन असं वाटतंय. कोणी इमारतीमागे दर घेतलाय का, किती घेता? मसाला सध्या मंडळापुरताच ठेवते, पण व्यवसाय नोंदणी सोमवारी करतेय.