मदत हवी आहे : ट्रकचा हप्ता प्रत्येक फेरीत कसा धरायचा?

माझी दहाचाकी गाडी कळंबोलीहून कोल्हापूरला माल नेते. ये-जा साधारण 700 किलोमीटर. परतीचा माल नक्की नसतो, म्हणून रिकामे किलोमीटरही यातच धरले आहेत.

लिटरला 4 किलोमीटर धरून 175 लिटर डिझेल लागतं, 90 रुपयांनी 15,750. टोल 6,000, ड्रायव्हरचा पगार-भत्ता 4,000. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगची बिलं किलोमीटरवर पसरली तर 4 रुपये पडतात, म्हणजे 2,800. एकूण 28,550, किलोमीटरला जवळपास 41 रुपये. इथपर्यंत हिशेब पक्का आहे.

अडतंय ते हप्त्यापाशी. हप्ता, विमा आणि परमिट मिळून महिन्याला 60,000 जातात, गाडी उभी असली तरी. 8 फेऱ्या झाल्या तर फेरीमागे 7,500 आणि सगळा खर्च धरून किलोमीटरला साधारण 51.50 पडतात, 5च झाल्या तर 12,000 आणि 58. दिवसाला 2,000 असं धरून पाहिलं, पण माल उतरायला गाडी दोन दिवस थांबली की ते पैसे कुठल्याच फेरीत बसत नाहीत, आणि पार्टी हॉल्टिंग सहसा देत नाही.

भाडं महिना सुरू होण्याआधीच ठरतं. मग दर सांगताना तुम्ही फेऱ्या किती धरता: सरासरी, की सर्वांत मंद महिन्याच्या?