'पर माय लास्ट ईमेल' इतकं का झोंबतं?

> "हे मीम सगळेच फॉरवर्ड करतात, पण या वाक्यात खटकण्यासारखं नेमकं काय आहे?"

'माझ्या मागच्या मेलमध्ये लिहिल्याप्रमाणे' एवढाच त्याचा अर्थ. त्यात नवी माहिती काहीच नसते, फक्त ठपका असतो: मी सांगितलं होतं, तुम्ही वाचलं नाही. वर साहेब सीसीमध्ये असले की तो मेल समोरच्यासाठी राहतच नाही, पुराव्यासाठी होतो. अप्रेझल जवळ आलं की असे मेल वाढतात, कारण तेव्हा प्रत्येकाला आपली बाजू लेखी हवी असते.

समजा, तुम्ही मंगळवारी तीन प्रश्न विचारले आणि गुरुवारी एकाचंच उत्तर आलं. बरेचदा लोक मोबाइलवर पहिला प्रश्न वाचून तिथेच उत्तर देतात. टाळायचा हेतू नसतो. अशा वेळी जुन्या मेलकडे बोट दाखवू नका. उरलेलं पुन्हा लिहा: "दराचं कळलं, धन्यवाद. डिलिव्हरीची तारीख काय आणि मंजुरी कोण देणार, एवढं उद्या चारपर्यंत कळवाल का? त्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही." जुना मेल खाली ट्रेलमध्ये असतोच, त्यामुळे पुरावाही राहतो. तरीही उत्तर नाही आलं, तर सरळ फोन करा. फक्त सोमवारी सकाळी नको, तेव्हा सगळ्यांचे इनबॉक्स तुंबलेले असतात.