बक्षीस वाढलं तरी टक्के तेच?

"छाप्यावर बक्षीस वाढवलं तर पहिला खेळाडू छापाच जास्त वेळा लावेल ना?"

दोन खेळाडू एकाच वेळी आपापल्या नाण्याची एक बाजू निवडतात, त्या खेळाबद्दलचा हा प्रश्न. सहज तसं वाटतं, पण समतोलात, म्हणजे एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होणार नाही अशा स्थितीत, तसं होत नाही. दोघांची नाणी जुळली तर पहिल्याला १ गुण आणि दुसऱ्याला उणे १, नाही जुळली तर उलट. आता दोन्ही छापे आले तर पहिल्याला ३ गुण द्या, दुसऱ्याचे गुण तसेच ठेवा. दुसरा q या प्रमाणात छापा लावत असेल, तर पहिल्याला छाप्यातून सरासरी 4q − 1 मिळतात आणि काट्यातून 1 − 2q. समतोलात हे दोन्ही सारखे हवेत, नाहीतर पहिला एकच बाजू लावत राहील; आणि ते सारखे होतात तेव्हा q = 1/3, बक्षीस वाढण्याआधी ते 1/2 होतं. म्हणजे बदलतो तो दुसरा! पहिला मात्र निम्म्या वेळाच छापा लावत राहतो, कारण त्याचं प्रमाण दुसऱ्याच्या गुणांवरून ठरतं आणि ते बदललेलेच नाहीत. मला या खेळातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

माणसं मात्र अशी खेळत नाहीत. गोरी आणि होल्ट या अर्थतज्ज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पहिल्याचं एका जुळणीचं बक्षीस ८० वरून ३२० सेंट केलं, आणि निम्म्याऐवजी तब्बल ९६ टक्के जणांनी तीच बाजू निवडली. दुसऱ्या खेळाडूच्या जागी असलेल्यांनी ते ओळखलं आणि ८४ टक्के जण उलट बाजूला गेले, जे समतोलाच्या ८७.५ टक्क्यांच्या बरंच जवळ आहे. हा खेळ एकदाच खेळला होता, हे ध्यानात घ्या.